चिऱ्याच्या घराच्या पायाला वाळवीचं औषध: ५ लिटरचा एक कॅन पुरेल का?

केळफूल

नमस्कार मंडळी. लांज्याजवळ गावी चिऱ्याचं साधं घर बांधतोय. मी ठाण्यात, बाबा तिकडे कामावर लक्ष ठेवून आहेत. पायाची खोदाई मंगळवारी संपली, शनिवारी चरांत पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, घालायचं ठरलंय. त्याआधी वाळवीचं औषध मारायचं म्हणून ठेकेदाराने ५ लिटरचा एक कॅन आणून मांगरात ठेवला आहे. बाबांनी विचारलं, एवढ्यात होईल का? तर म्हणाला, सगळ्या घराला पुरून उरेल, २०० लिटरच्या पिंपात एक लिटर टाकला की झालं.

आमचं जुनं घर वाळवीनेच गेलं. वासे बाहेरून धड दिसायचे आणि बोट लावलं की आत मातीच. म्हणून या वेळी चूक नको आहे.

मापं देते. भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंत १० मीटर बाय ७ मीटर, आणि बरोबर मधोमध एक ७ मीटरची भिंत, म्हणजे दोन सारख्या खोल्या. चर ९० सेंमी रुंद आणि १ मीटर खोल. तळाला १५ सेंमी पीसीसी, त्यावर जमिनीपर्यंत ६० सेंमी रुंदीचं काळ्या दगडाचं बांधकाम. जोता ४५ सेंमी उंच, त्याची भिंत ३५ सेंमी.

दर चौरस मीटरला अमुक लिटर असा काही नियम आहे असं ऐकलंय. पण चौरस मीटर कशाचे धरायचे? घराचे की चराचे?

---

पक्का_गिलावा

ताई, सोपं आहे. नियम चौरस मीटरला ५ लिटरचा. तुमचा जोता बाहेरून १०.३५ बाय ७.३५, म्हणजे ७६ चौ.मी. गुणिले ५, ३८० लिटर तयार पाणी. वीस टक्क्यांचं औषध एकास एकोणीस पाण्यात घालतात, म्हणजे वीस लिटर तयार पाण्यात एक लिटर औषध येतं. ३८० भागिले २० म्हणजे १९ लिटर औषध. पाच लिटरमध्ये काही होत नाही. मी कोल्हापूर भागात कामं घेतो, आमची बिलं याच हिशेबाने निघतात.

---

चाफेकळी

आमच्याकडेही वाळवीचा खूप त्रास आहे. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर घर, बेडरूमच्या कपाटामागून मातीच्या नळ्या वर चढल्यात. तुम्ही म्हणता ते ५ लिटर प्रति चौरस मीटर कपाटामागच्या भिंतीला मारलं तर चालेल का? भिंत साधारण ३ बाय ३ मीटर आहे.

---

ओळंबा

चाफेकळी, नाही, कृपा करून तसं करू नका. हा दर उघड्या जमिनीचा आहे, मातीत मुरवायचा. राहत्या घरातल्या भिंतीवर ४५ लिटर ओतलं तर वाळवीआधी घरातल्यांनाच त्रास होईल. बांधून झालेल्या घराची रीत निराळी आहे, भोकं पाडून मोजकं औषध आत सोडतात. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

आता केळफूल यांचा प्रश्न. गिलावा, तुमचा दर बरोबर, पण लावला चुकीच्या जागी. सरकारी कामात या कामाचे पैसे जोत्याच्या क्षेत्रफळावर देतात हे खरं. तिथे सगळ्या टप्प्यांचं काम मिळून एकच मोजमाप धरतात, बिल सोपं व्हावं म्हणून. पण ते पैशाचं मोजमाप आहे. औषध किती लागेल ते त्यावरून निघत नाही. औषध ज्या पृष्ठभागावर पडतं त्याचे चौरस मीटर मोजायचे. चराच्या टप्प्यात तो पृष्ठभाग म्हणजे चराचा तळ, आणि दोन्ही बाजू तळापासून ३० सेंमीपर्यंत. वाळवी रोखण्याचं भारतीय मानक आहे आयएस ६३१३, त्याच्या दुसऱ्या भागात हेच आहे.

ताई, तुमचा हिशेब मी करून देतो. कागद घेऊन बसा, अवघड नाही.

आधी तळ. चराची बाहेरची कड धरली तर १०.९ बाय ७.९, म्हणजे ८६.११ चौ.मी. त्यातून न खोदलेले आतले दोन तुकडे वजा करा. प्रत्येक तुकडा ४.१ बाय ६.१, दोन्ही मिळून ५०.०२. उरला चराचा तळ, ३६.०९ चौ.मी. बरेच जण चराची लांबी गुणिले रुंदी करतात आणि भिंती जिथे मिळतात तो चौकोन दोनदा मोजतात. वजाबाकी केली की ती चूक होत नाही.

मग बाजू. बाहेरच्या कडेचा घेर ३७.६ मीटर. आतल्या प्रत्येक तुकड्याचा घेर २०.४, दोन्हींचा ४०.८. एकूण ७८.४ मीटर लांबीच्या बाजू, उंची ०.३. झाले २३.५२ चौ.मी.

दोन्ही मिळून ५९.६१. साठच धरा. गुणिले ५, म्हणजे ३०० लिटर तयार पाणी. हा पहिला टप्पा. बाबांना आत्ता एवढाच आकडा सांगा: शनिवारच्या आधी त्या चरांत ३०० लिटर गेलं पाहिजे.

औषध किती लिटर, ते मी मुद्दाम सांगितलेलं नाही. कॅनवर काय लिहिलंय ते आधी कळू दे. लेबलाचा फोटो मागवा.

---

पक्का_गिलावा

काका, पटलं. म्हणजे मी इतकी वर्षं जोत्याचं क्षेत्रफळ लावत होतो. पण आकडा तर जवळच आला की, माझा ३८० आणि तुमचा ३००. जास्तच धरलं ना मी? नुकसान काय?

---

ओळंबा

या घरात जवळ आला, कारण खोल्या मोठ्या आणि मधली भिंत एकच आहे. याच जोत्यात चार खोल्या पाडल्या असत्या तर चर वाढले असते आणि तुमचा ३८० तसाच राहिला असता. आणि तुमच्या हिशेबात ते ३८० लिटर सगळ्या घराचे आहेत. चर झाल्यावर भरावाला काय उरणार? आतल्या मुरुमाला काय उरणार? ते टप्पे तुम्ही मोजलेच नाहीत.

---

केळफूल

बाबांनी फोटो पाठवला. क्लोरपायरिफॉस ५०% ईसी असं लिहिलंय. सील बंद आहे, मुदत पुढच्या वर्षापर्यंतची आहे. मग हे वीस टक्केवाल्यापेक्षा जास्त आहे ना? म्हणजे ठेकेदार बरोबर होता का?

---

ओळंबा

छान केलंत. आता हिशेब बदलतो, आणि ठेकेदारावर थोडा अन्याय होणार होता तोही टळला.

जमिनीवर पडणाऱ्या पाण्यात क्लोरपायरिफॉस १ टक्का हवं. वीस टक्क्यांचा कॅन असेल तर औषधाच्या वीसपट तयार पाणी, पन्नास टक्क्यांचा असेल तर पन्नासपट. म्हणजे लिटरला २० मिली. तुमच्या ३०० लिटरला ६ लिटर औषध. वीस टक्क्यांचं असतं तर १५ लागलं असतं. कॅन ५ लिटरचा आहे, त्यात २५० लिटर होईल. साधारण ३३ मीटर चर भिजेल, तुमचा आहे चाळीस. म्हणजे चरासाठी एक लिटर कमी, आणि पुढच्या टप्प्यांसाठी काहीच नाही.

खरी काळजी मला कॅनची वाटत नाही, त्याच्या पिंपाची वाटते. २०० लिटरच्या पिंपात १ लिटर म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही, पाव टक्का. पिंपाला ४ लिटर लागतं. तो म्हणाला तसं केलं तर चर पूर्ण भिजलेले दिसतील, वास येईल, पाणी दुधासारखं पांढरं दिसेल, आणि औषध मात्र चौथा हिस्सा गेलेलं असेल. ईसी पाण्यात पडलं की थोड्या औषधानेही पाणी पांढरंफेक होतं. रंगावरून काही कळत नाही. मी ३४ वर्षं साइटवर काढली, अजूनही डोळ्यांनी ओळखता येत नाही. पिंपात किती मापं गेली ते मोजणं, एवढा एकच उपाय.

---

कपाशी

ओळंबा भाऊ, एक विचारतो. आम्ही अमरावतीकडचे, इकडे उधई म्हणतात. मागच्या वर्षी गोडाऊन बांधलं, जमीन काळी. त्या पेस्ट कंट्रोलवाल्याने छोटीशी बाटली आणली होती, लिटरभराची, आणि म्हणाला की पूर्ण पायाला होते. आम्ही त्याला फसवणारा समजून परत पाठवलं. त्याच्या बाटलीवर इमिडाक्लोप्रिड लिहिलं होतं. आता वाटते की चूक आमचीच झाली.

---

ओळंबा

चूक तुमचीच झाली भाऊ, पण ती सगळ्यांची होते. इमिडाक्लोप्रिड ३०.५% एससी असेल तर लिटर पाण्याला २.१ मिली एवढंच लागतं. केळफूलताईंच्या ३०० लिटरला सव्वासहाशे मिली, बस. बायफेन्थ्रिन अडीच टक्क्यांचं घेतलं तर परत २० मिली.

म्हणून मी कॅन शेवटी पाहतो. आधी चौरस मीटर, मग तयार पाण्याचे लिटर. हे दोन आकडे कोणतंही औषध आणलं तरी बदलत नाहीत, कारण माती भिजायला पाणी तेवढंच लागतं. त्या बाटलीवाल्याला विचारायला हवं होतं, की किती लिटर पाणी करून ओतणार? तो चौरस मीटरला पाच लिटरच्या हिशेबाने म्हणाला असता तर माणूस खरा. बाटली छोटी म्हणून पाणीही छोट्या पंपातलं दोन-तीन टाक्या मारतो म्हणाला असता, तर मग परत पाठवणं बरोबर.

---

कपाशी

तो चार टाक्या म्हणाला होता.

काळ्या जमिनीचं अजून एक सांगतो. नंतर जो आला त्याने क्लोरपायरिफॉस आणलं. पाच लिटर ओतलं की चरात तसंच उभं राहायचं, मुरेच ना. मग त्याने औषध दुप्पट केलं आणि पाणी निम्मं. म्हणे औषध तेवढंच गेलं ना मातीत. हे बरोबर की चूक?

---

ओळंबा

मी असं करत नाही. चिकणमातीत पाणी उभं राहतं म्हणजे ते हळू पितं, अजिबात पीत नाही असं नाही. एकदम पाच लिटर न ओतता दोन किंवा तीन खेपांत द्यायचं, मधे तास-दीड तास सोडायचा. पाणी निम्मं केलं की औषध वरच्या पापुद्र्यातच अडकतं आणि थर पातळ होतो. माझी समजूत तरी अशी आहे.

---

मावळतीचा_वारा

इथे मी वेगळं बोलेन. आमच्या नाशिकच्या साइटवर काळ्या मातीत दुप्पट-निम्मं असंच केलं होतं, देखरेखीला चांगले इंजिनीअर होते, आणि नऊ वर्षं झाली, वाळवी नाही. ओतलेलं पाणी तासन् तास उभं राहून उद्या पीसीसीखाली चिखल होणार असेल तर तेही पायाला वाईटच ना?

---

ओळंबा

चिखलाचं म्हणणं मान्य. पण नऊ वर्षं वाळवी आली नाही यावरून ते औषधामुळे आली नाही असं म्हणता येत नाही. तिथे आधी वारूळ होतं का, लाकूड किती आहे, शेजारच्या घरांत वाळवी आहे का, हे सगळं धरावं लागेल. मी माझ्या मतावर आहे, तुम्ही तुमच्या अनुभवावर राहा.

---

मावळतीचा_वारा

ठीक. पण मग माझ्या दुसऱ्या घराची गोष्ट सांगतो, ती केळफूल यांच्या उपयोगाची आहे. त्या घराला हिशेब पक्का होता, लिटर पक्के होते, मी स्वतः उभा होतो. संध्याकाळी औषध मारलं. रात्री वळवाचा पाऊस आला नाही, पण एका बाजूची कड ढासळली. सकाळी माणसांनी ती माती घमेल्यांनी बाहेर काढली, तळ परत साफसूफ केला, पहारीने बाजू ताशीव केली आणि पीसीसी घातलं. मी दहा वाजता पोचलो तेव्हा काम झालेलं होतं, तळ झाडल्यासारखा स्वच्छ. औषधाचा थर घमेल्यात भरून बांधाच्या कडेला टाकलेला. त्याच भिंतीतून तिसऱ्या वर्षी चौकटीला वाळवी लागली.

तेव्हा औषध मारून झालं की चरात फावडं घालायचं नाही, आणि घालावंच लागलं तर तेवढ्या भागात पुन्हा मारायचं. त्यासाठी थोडं औषध राखून ठेवा.

---

ओळंबा

शंभर टक्के खरं. आधी तळ साफ, मुळ्या आणि लाकडाचे तुकडे वेचून बाहेर, मग औषध, आणि लगेच पीसीसी. जमीन कोरडी हवी. ओल्या मातीत ते मुरत नाही आणि पाऊस येणार असेल तर त्या दिवशी मारूच नये.

---

केळफूल

खूप आभार. दोन अडचणी आहेत.

एक, आमच्या चराचा तळ सगळीकडे सारखा नाही. पुढच्या बाजूला लाल माती आहे, पण मागच्या कोपऱ्यात साधारण ६ मीटर कातळ लागलाय. ठेकेदार म्हणतो कातळावर मारायची गरजच नाही, वाळवी दगडातून येत नाही.

दोन, परसात आमची विहीर आहे. मागच्या चरापासून पंधरा-वीस पावलांवर. तिचंच पाणी आम्ही पितो. हे मी आधी सांगायला हवं होतं का?

---

ओळंबा

विहिरीचं आधी सांगायला हवं होतं, हो.

कातळाबद्दल. सलग काळा पाषाण असता तर त्याचं ऐकलं असतं. तुमच्याकडचा कातळ जांभ्याचा, त्याला भेगा आणि भोकं असतात, भेगांत माती असते, आणि वाळवीला तेवढी वाट पुरते. पण कातळ पाणी पीत नाही, वाहू देतो. तिथे पाच लिटर ओतलं तर उताराने खालच्या खळग्यात गोळा होईल. मी एकदा पाहिलंय, साठ फूट चराचं औषध एका खळग्यात दुधाच्या डबक्यासारखं साचलेलं आणि बाकी दगड कोरडा. म्हणून दोन-दोन मीटरवर मातीचे बारीक बांध घाला आणि प्रत्येक खणात त्याचं त्याचं मोजून द्या.

मोजायची सोपी युक्ती सांगतो, बाबांना लक्षात राहील. तुमच्या चराच्या एका मीटर लांबीला तळ ०.९ आणि दोन बाजू मिळून ०.६, म्हणजे दीड चौरस मीटर. गुणिले ५, साडेसात लिटर. पाठीवरचा १६ लिटरचा पंप असेल तर एक टाकी साधारण दोन मीटर चराला. एका टाकीत ५० टक्क्यांचं औषध ३२० मिली. एकूण १९ टाक्या. चुन्याने चराच्या कडेला दर दोन मीटरवर रेघ मारा आणि टाकी संपली की तिथे एक खडा ठेवा. शेवटी खडे मोजा. बारा खडे निघाले तर बाकीच्या सात टाक्या कुठे गेल्या ते ठेकेदाराला विचारा.

पंपाचं तोंड धुक्यासारखं उडवणारं असेल तर काढून टाका, झारी चालेल. धुकं वाऱ्यावर जातं, मारणाऱ्याच्या नाकात जातं, मातीत कमी जातं. हातमोजे, तोंडाला मास्क, आणि पोरंबाळं, गुरं त्या दिवशी तिकडे नकोत.

विहिरीबद्दल मी लिहिण्याआधी दुसऱ्या कोणाला माहिती असेल तर आधी लिहावं. माझं काम पायाचं, पाण्याचं नाही.

---

झरा

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि चिपळूणजवळ राहते, म्हणून जांभ्याचा थोडा अनुभव आहे.

क्लोरपायरिफॉस पाण्यात फारच कमी विरघळतं आणि मातीला घट्ट चिकटून राहतं. त्यामुळे चिकणमातीत ते जिथे पडतं तिथून सहसा लांब जात नाही. वाळवीविरुद्ध ते कामाला येतं ते त्यामुळेच. पण जांभा साधी माती नाही. त्यात नळ्यांसारख्या पोकळ्या असतात. पावसाळ्यात आमच्या विहिरी एका रात्रीत भरतात त्या याच वाटांनी. औषध मातीला चिकटायच्या आधी पोकळीत शिरलं तर ते कुठे निघेल ते सांगता येत नाही. आणि ते माशांना अतिशय विषारी आहे.

कोणी सुचवेल की मग इमिडाक्लोप्रिड घ्या, मिलीलिटरमध्ये लागतं. पण ते पाण्यात क्लोरपायरिफॉसपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं, म्हणजे पाण्याबरोबर सरकायची शक्यता जास्त. कमी लागतं म्हणजे विहिरीला कमी धोका, असं नाही.

२०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत क्लोरपायरिफॉस घातलं गेलं, काही सवलती ठेवून. म्हणजे जगभर ते हळूहळू कमी करायचं चाललंय. त्यामुळे विहिरीजवळ मी तरी ते हलकं घेणार नाही.

---

पक्का_गिलावा

आमच्याकडे आजोबांच्या काळात ऑल्ड्रिन मारायचे. ते आता बंद आहे. एकदा मारलं की जन्मभर वाळवी नाही म्हणायचे. ताई, एवढं घाबरू नका, सगळ्या गावात विहिरी आणि घरं शेजारीशेजारीच असतात.

---

झरा

ऑल्ड्रिन जन्मभर टिकतं म्हणूनच बंद झालं, गिलावा दादा. ते मातीत टिकतं तसं अंगातही साठून राहतं.

---

ओळंबा

झराताईंचं पटतं. मानकातही विहिरी आणि झरे दूषित होणार नाहीत याची काळजी घ्या असं स्पष्ट आहे.

मी काय करेन ते सांगतो, पण हा माझा अंदाज आहे, खात्री नाही. विहिरीकडच्या कातळाच्या सहा मीटरला औषध ओतणार नाही. तिथे पाया करताना रसायनाऐवजी बांधकामाची अडवणूक ठेवेन. जोत्याच्या वर सलग, भेगा न पडणारा काँक्रीटचा पट्टा, भिंतीच्या पूर्ण रुंदीचा आणि दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर काढलेला. वाळवी त्याला वळसा घालून वर आलीच तर तिची मातीची नळी बाहेरून दिसते आणि मोडता येते. आयएस ६३१३ चा पहिला भाग याच उपायांचा आहे, त्यात धातूच्या पत्र्याचाही पर्याय आहे. बाकीचे ३४ मीटर औषधाने.

३४ गुणिले साडेसात, २५५ लिटर. औषध ५.१ लिटर. म्हणजे गंमत बघा, ठेकेदाराचा कॅन चराला जवळजवळ पुरला. फक्त पिंपात १ नाही, ४ लिटर.

---

झरा

सहा मीटर सोडून उपयोग किती, हा प्रश्न आहेच. कातळ संपतो तिथून पुढची मातीही विहिरीकडेच उतरत असेल तर? केळफूल, बाबांना उतार कुठे आहे तो बघायला सांगा. मी असते तर मागची पूर्ण भिंत सोडली असती.

---

ओळंबा

मागची पूर्ण भिंत सोडली तर वाळवीला १० मीटरचं दार उघडं. हा तुमचा आणि माझा मतभेद राहील. निर्णय त्या घरात राहणाऱ्यांनी घ्यायचा.

---

सावलीत_बसलेला

प्रश्न थोडा वेगळा. आमचं आरसीसी फ्रेमचं आहे, नऊ कॉलम. प्रत्येक खड्ड्याचा तळ आणि बाजू असंच मोजायचं का?

---

ओळंबा

नाही. दगडी बांधकामाच्या सांध्यांतून वाळवी येते म्हणून तिथे तळापासून सुरुवात. चांगल्या घट्ट काँक्रीटच्या फूटिंगमधून ती येत नाही, म्हणून आरसीसीत जमिनीखाली अर्ध्या मीटरपासून वर, कॉलम आणि प्लिंथ बीमच्या कडेच्या भरावाला औषध देतात. खड्ड्याच्या तळाचे लिटर वाचतात. पण कॉलमला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहिली असतील तर हा हिशेब धरू नका, आधी ती भरा.

---

केळफूल

कालचा दिवस गेला. कळवते.

बाबांनी ठेकेदारासमोर वही ठेवली. तो आधी चिडला, मग आकडे वाचून म्हणाला की त्याला दुकानदाराने पिंपाला एक लिटर असंच सांगितलं होतं, तो सगळीकडे तेच करत आलाय. खोटं बोलत होता असं बाबांना वाटलं नाही. लेबलावर लिहिलेलं त्याने कधी वाचलंच नव्हतं, अक्षर फार बारीक आहे. बाबांनी भिंग आणून दाखवलं.

मागचा कातळ सोडला. उतार पाहिला तर विहिरीकडे फक्त तो कोपराच उतरतो, बाकीची जमीन पुढे रस्त्याकडे जाते. म्हणून झराताई, पूर्ण भिंत नाही सोडली. ३४ मीटरला बाबांनी स्वतः खडे मांडले. सोळा टाक्या व्हायला हव्या होत्या, पंधरा खडे निघाले. एका खणात माणूस बाजू भिजवायला विसरला होता, तिथे परत दिलं. बारा वाजेपर्यंत झालं, दुपारी लगेच पीसीसी घातलं.

आता पुढच्या भरावाचं सांगा. तिथेही ५ लिटरच का?

---

ओळंबा

बाबांना माझा नमस्कार सांगा.

भरावाला दर साडेसात लिटर, आणि चौरस मीटर आता दगडी पायाच्या उभ्या बाजूचे, आत आणि बाहेर दोन्हीकडून. ६० सेंमी रुंदीच्या बांधकामाच्या सगळ्या बाजू मिळून ७९.६ मीटर लांब, उंची पीसीसीपासून जमिनीपर्यंत ०.८५. झाले ६७.६६ चौ.मी., गुणिले साडेसात, ५०७ लिटर. कोपऱ्यातले सहा मीटर, दोन्ही बाजू, म्हणजे १०.२ चौ.मी. वजा करा, उरले साधारण ४३० लिटर. ५० टक्क्यांचं औषध ८.६ लिटर. चरापेक्षा जास्त लागतं बघा, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात, कारण भराव घातला की कोणाला दिसत नाही.

भराव थराथराने घाला आणि औषध दगडाला लागून असलेल्या मातीत द्या, चराच्या मधोमध नाही. पाणी मारून धुम्मस करणार असाल तर आधी धुम्मस, मग दगडालगत १५ सेंमीवर सळईने भोकं पाडून, सळई भिंतीला समांतर हलवून, त्यात औषध. आधी औषध आणि मग पाणी मारलं तर ते पातळ होऊन खाली जातं.

जोत्याच्या आतल्या मुरुमाला परत ५ लिटर, ते मुरूम भरून झाल्यावर विचारा. तेव्हाची मापं तेव्हा घेऊ, ठेकेदार मुरूम किती भरतो त्यावर थोडं बदलेल.

---

केळफूल

८.६ लिटर म्हणजे अजून दोन कॅन. आजच रत्नागिरीहून मागवते. काका, भरावाच्या वेळी तो मागचा कोपरा तसाच साध्या मुरुमाने भरायचा ना? आणि पावसाआधी विहिरीचं पाणी एकदा तपासून ठेवावं का, म्हणजे नंतर तुलना करता येईल?

---

झरा

हो, आत्ताच तपासा. औषध पडून तीनच दिवस झालेत आणि पाऊस नाही, त्यामुळे आत्ताचा नमुना जवळपास आधीचाच धरता येईल. प्रयोगशाळेला कीटकनाशकांसाठी असं वेगळं सांगावं लागतं, नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत ते बघत नाहीत. बाटली काचेची, आणि ती कशी धुवायची ते त्यांनाच आधी विचारा. दुसरा नमुना पहिला मोठा पाऊस होऊन विहीर चढली की घ्या.